मॅग्डेबुर्गात सोय कुठून आणायची?

माशेलची सुमन (11 ऑक्टोबर, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. धाकटा मुलगा या महिन्यात एम.एस.साठी जर्मनीत, मॅग्डेबुर्गला गेलाय. जाताना मी त्याला आठवड्याचा कागद करून दिला होता. सोमवारी मुगागाठी, मंगळवारी अळसांद्यांचं तोणाक, गुरुवारी खतखतं नाहीतर नुसतं वरण, तांबडी भाजी मधूनमधून, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार नुस्त्याचं हुमण. आमच्या घरी पंचवीस वर्षं असंच चाललंय, म्हटलं तिथं एकट्यालाही चालेल.

पहिल्याच रविवारी फोन. "आई, बांगडा मिळाला!" सुपरमार्केटमधून आणलेला, सोनेरी कातडीचा, छान दिसत होता. हुमणात घातला तर सगळी कडी धुराची आणि मीठ मीठ. धुरी दिलेला निघाला तो. नारळ नाही म्हणून रोसाचा डबा ओतला होता. फोटो पाठवलाय मला, गुलाबी पाणी आणि वर तेलाचे डोळे. पोराने ते शिताबरोबर खाल्लं, पण फोनवर आवाज पडलेला होता.

वस्तुस्थिती अशी: खोलीत दोन शेगड्यांचं इंडक्शन. मी दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर चालतच नाही. मिक्सर नाही, हातात धरायचा ब्लेंडर आहे. फ्रीजमधलं फ्रीझर विटेएवढं. जवळ एक सुपरमार्केट, आणि एशियन दुकान ट्रॅमने, तिथं तो पंधरा दिवसांतून एकदा जातो.

कागद फेकायचा नाही, पण तिथल्या किराण्यावर बसवायचा आहे. कुणी केलंय का? कृपया "पास्ता शिकव" म्हणू नका, तो त्याला येतो.

प्रसाद_डिचोली (11 ऑक्टोबर, रात्री 10.05)

सुमनताई, माझा भाऊ चार वर्षं स्टुटगार्टला आहे. काही कठीण नाही. रोसाचा डबा चांगल्यातला घ्यायला सांगा, स्वस्तातला घेतला असेल म्हणून फाटला. नारळ तो नारळ, डब्यातला काय नि आदोळीवरचा काय. आणि नुस्त्याला तिथं 'झेलाक्स' मिळतो फ्रोझन. 'लाक्स' म्हणजे साल्मन, 'झे' म्हणजे समुद्र, म्हणजे समुद्री साल्मन. आपल्या रावसासारखा. ओमेगा भरपूर.

पेडण्याचे काका (11 ऑक्टोबर, रात्री 10.31)

एवढा खटाटोप कशाला? युनिव्हर्सिटीत मेस असेल ना. मुलाला मेस लावून द्या. आमच्या वेळी पुण्यात आम्ही दोन वर्षं मेसवर काढली, काही झालं नाही.

बाकी शीर्षक वाचून मला वाटलं राहण्याची सोय विचारताय. नंतर कळलं खोवलेली सोय.

माशेलची सुमन (11 ऑक्टोबर, रात्री 10.44)

काका, मेस आहे. दुपारी तो तिथंच जेवतो. प्रश्न रात्रीचा आणि शनिवार-रविवारचा आहे. (दोन्ही सोयी हव्यात म्हणा.)

मडगावकर बाब (12 ऑक्टोबर, सकाळी 7.15)

सुमनताई, मी आठ वर्षं लायप्झिगला होतो. तिथून मॅग्डेबुर्ग रेल्वेने तासा-सव्वातासावर. हाच कागद घेऊन मीही गेलो होतो. सावकाश लिहितो.

आधी प्रसादबाबांची दुरुस्ती. नावात लाक्स असला तरी झेलाक्सचा साल्मनशी काही संबंध नाही. तो कॉडच्या कुळातला, पांढऱ्या मासाचा, जवळजवळ तेल नसलेला मासा. ओमेगासाठी घेत असाल तर फसवणूक आहे. पण हुमणासाठी वाईट नाही, त्यावर नंतर येतो.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे डबा. तुमच्या मुलाचं हुमण स्वस्त डब्यामुळे फाटलेलं नाही, महागातल्यानेही तेच झालं असतं. आपण हुमणाला रोस घालत नाही, वाटण घालतो. अख्खी सोय वाटलेली असते, चोथ्यासकट. कडीला जे अंग येतं ते त्या बारीक चोथ्याचं. तेल त्यालाच धरून राहतं. डब्यातल्या रोसात चोथा गाळून टाकलेला, उरलं तेल आणि पाणी. त्यात आंबट सोलां पडून कडी खळाखळा उकळली की तेल आपल्या वाटेने, पाणी आपल्या वाटेने. सोलकढीला डबा चालतो. 400 मिलिलिटरच्या डब्यात दीडपट पाणी घालून सोलांचं आगळ मिसळलं की झाली. हुमणाला आणि तोणाकाला नाही.

म्हणून कागद वारांवर लावू नका, वाटणावर लावा. घरात वाटण दोनच प्रकारचं. कच्च्या सोयीचं, हुमणाला आणि गाठीला. भाजलेल्या सोयीचं, तोणाकाला. ही दोन त्याला तिथं करता आली की बाकी सगळं सुपरमार्केटमध्ये पडलेलं आहे.

कच्च्यासाठी एशियन दुकानात, आणि श्रीलंकन तमिळ माणसाचं दुकान असलं तर नक्कीच, खोवलेला फ्रोझन नारळ मिळतो. 400 ग्रॅमचं पाकीट असतं. घरी आणल्यावर किंचित मऊ होऊ द्यायचं, झिपच्या पिशवीत पाटीसारखं सपाट थापायचं, सुरीच्या पाठीने चार चौकोन आखायचे आणि पुन्हा गोठवायचं. विटेएवढ्या फ्रीझरात पाटी उभी राहते, डबा राहत नाही. एक चौकोन म्हणजे 100 ग्रॅम, म्हणजे एकट्याचं दोन वेळचं हुमण.

भाजलेल्यासाठी मात्र फ्रोझन वापरू नका. तो ओला असतो, आधी पाणी आटवण्यात वेळ जातो आणि तोपर्यंत खालचा करपतो. तिथं सुपरमार्केटात केक-बिस्किटांच्या फळीवर सुका किसलेला नारळ मिळतो, 'कोकोसरास्पेल' लिहिलेला. तो आधीच सुका असल्यामुळे मंद आचेवर पाच-सहा मिनिटांत बदामी होतो. फक्त हात थांबवायचा नाही. बदामीचा काळा व्हायला अर्धं मिनिट लागतं, आणि इंडक्शनवर तव्याची धग लगेच उतरत नाही. रंग आला की ताटलीत काढायचा, तव्यात ठेवायचा नाही.

ऑफिसला निघतो. उरलेलं रात्री.

आरती, वास्को → आखेन (12 ऑक्टोबर, दुपारी 1.20)

बाबांनी डब्याबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के. मी दुसऱ्या वर्षाला आहे आखेनला, माझंही पहिलं हुमण तसंच झालं होतं. पण बाब, तुमच्याकडे मिक्सर असणार. निहारकडे (नाव माहीत नाही म्हणून मीच ठेवलं) हातातला ब्लेंडर आहे. त्याने फ्रोझन सोय वाटली जात नाही. मी केलंय ना! दहा मिनिटं फिरवलं, ब्लेंडर तापून वास यायला लागला तरी बोटाला कणी लागतेच. कडीत ती कणी खाली बसते आणि वर पाणी.

कुकरबद्दल: फ्रीजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघायचं. चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही. मी आईचा कुकर परत पाठवला आणि तिथलंच एक साधं स्टीलचं भांडं घेतलं. डाळ भिजवून ठेवली की कुकरवाचून काही अडत नाही.

शाणू_स्विंडन (12 ऑक्टोबर, दुपारी 3.02)

अरे, इथं इंग्लंडात स्विंडनला या सगळे. इथं गोंयकार इतके आहेत की काहीही मिळतं. उकडे तांदूळ, सोलां, खारं, सगळं. मी तर बऱ्याच दिवसांत वाटणच केलेलं नाही. क्रीम्ड कोकोनटची साबणासारखी वडी मिळते 200 ग्रॅमची, तिचा तुकडा मोडून गरम पाण्यात घातला की झालं हुमण. उगाच डोकेदुखी. बायको म्हणते घरच्यासारखं लागत नाही, पण खाते.

मडगावकर बाब (12 ऑक्टोबर, रात्री 9.10)

शाणूबाब, तुम्ही स्विंडनची जाहिरात करताना कामाची गोष्ट बोलून गेलात. ती वडी म्हणजे गाळलेला रोस नव्हे. सुका नारळ अख्खाच, चोथ्यासकट, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत वाटलेला असतो. म्हणजे वाटण्याचं काम कारखान्याने केलेलं. जर्मनीत हीच वस्तू काचेच्या बरणीत मिळते, नाव 'कोकोसमूस'. ड्रगस्टोअरमध्ये, जिथं शांपू मिळतो तिथंच, सेंद्रिय मालाच्या फळीवर. मी मिक्सरवाला असल्यामुळे कधी वापरलं नव्हतं, पण शेजारची श्रीलंकन बाई वापरायची.

आरती म्हणते ते बरोबर आहे, हातातल्या ब्लेंडरवर सोय वाटायला लावून काही उपयोग नाही. तेव्हा सुमनताई, मुलासाठी असं बसवू:

दोन वाढणी हुमणाला मोठे दोन चमचे कोकोसमूस, साधारण 40 ग्रॅम. ताज्या नारळात जवळजवळ अर्धं पाणी असतं, त्यामुळे हे 80 ग्रॅम सोयीच्या बरोबरीला येतं. थंडीत बरणी दगडासारखी होते, कारण नारळाचं तेल 24-25 अंशांखाली गोठतं. बरणी गरम पाण्यात दहा मिनिटं उभी करायची, मग तळापासून ढवळायची. तेल वर आणि पीठ खाली असं झालेलं असतं. न ढवळता वरचंच काढलं तर पहिलं हुमण तेलकट आणि शेवटचं भुशासारखं होईल.

त्यात मिरसांगेची पूड, एक छोटा चमचा धणेपूड, पाव चमचा हळद आणि एक छोटा चमचा तांदळाचं पीठ. हे पीठ विसरायचं नाही. आपल्याकडे काही घरांत वाटताना मूठभर भिजवलेले तांदूळ घालतात ना, त्याच्या जागी. तेल आणि पाणी फुटू न देण्याचं काम तेच करतं. पेलाभर गरम पाणी थोडंथोडं घालत आधी चमच्याने घोटायचं, मग हवा तर ब्लेंडर. मंद आचेवर ढवळत एक कढ आणायचा. मागाहून तीन-चार सोलां.

नीट झालंय की नाही ते असं ओळखायचं: चमच्याच्या पाठीला कडी लागली पाहिजे, आणि बोटाने रेघ ओढली तर ती उभी राहिली पाहिजे. रेघ लगेच भरून आली तर अजून पाणचट आहे, अर्धा चमचा पीठ पाण्यात कालवून घाला आणि आणखी एक कढ काढा.

माशेलची सुमन (12 ऑक्टोबर, रात्री 9.48)

बाब, किती उपकार. मुलाला तसंच्या तसं पाठवलं. (आरती, त्याचं नाव निहार नाही, पण त्याला आवडलं.)

दोन शंका. तिरफळां मी पुडीत दिली होती, ती बॅगेतून काढून माझ्या यजमानांनी तिथं चार्जर ठेवला. म्हणजे तिरफळां नाहीत. आणि मिरसांगेची पूड पुरवून पुरवून वापरतोय, ती संपली की काय?

प्रसाद_डिचोली (12 ऑक्टोबर, रात्री 10.15)

झेलाक्सबद्दल चूक मान्य. भावाला विचारलं, तोही साल्मन समजूनच खात होता.

मिरसांगेचं मला नक्की ठाऊक आहे: तिथली पाप्रिका पूड घ्या. रंग आपल्या ब्याडगीसारखा येतो.

आरती, वास्को → आखेन (13 ऑक्टोबर, सकाळी 11.30)

प्रसाददादा, रंग येतो पण पाकिटावर 'एडेलझ्यूस' असेल तर ती गोडी पाप्रिका, तिखटपणा शून्य. माझ्या रूममेटने तीन चमचे घातली होती, कडी लाल आणि गोडसर. दोन भाग ती आणि एक भाग तिखट लाल पूड असं मी करते. तरी भाजलेल्या सुक्या मिरचीचा वास येत नाही, तो येणारही नाही. पुढच्या खेपेला सुक्या मिरच्याच मागवायच्या, वजन काहीच नसतं.

तिरफळांच्या जागी एशियन दुकानातलं सेचुआन मिरं. काळी बी काढून फक्त टरफलं घ्यायची, तशी आपणही तिरफळाची घेतो. ते तिरफळाचंच भावंड आहे, वनस्पतिशास्त्रात दोघं एकाच वंशातले. पण जीभ जास्त बधिर करतं. तिरफळां आठ घालत असाल तर हे तीन-चारच दाणे ठेचून, आणि अगदी शेवटी.

पेडण्याचे काका (13 ऑक्टोबर, दुपारी 12.10)

तिरफळाला पर्याय नाही. ते चिनी मिरं मी मुंबईत खाल्लंय, तोंडाला साबण लावल्यासारखं होतं. बांगड्याचं हुमण तिरफळाशिवाय करायचं असेल तर करूच नये.

आरती, वास्को → आखेन (13 ऑक्टोबर, दुपारी 12.25)

काका, मग बांगडा कुठाय तिथं :)

मडगावकर बाब (13 ऑक्टोबर, रात्री 8.50)

मासळीकडे येतो.

पहिली गोष्ट, पाकिटावर 'गेरॉयशर्ट' असं लिहिलेलं असलं किंवा कातडी सोनेरी असली की तो मासा धुरी देऊन शिजवलेला आणि खारवलेला आहे. तो कडीत घालायचा नाही. पण फेकायचाही नाही! त्याची किसमूर करा. काटे काढून कुस्करायचा, बारीक कांदा, मिरसांग, सोलाचा तुकडा, आणि सोयीच्या जागी तोच कोकोसरास्पेल, दोन चमचे गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पिळलेला. वरून मीठ नको. सुक्या बांगड्याच्या किसमुरीची सर येते असं मी काकांसमोर म्हणणार नाही, पण पेजेबरोबर उत्तम लागते.

ताजा अख्खा बांगडा म्हणाल तर तुर्की किंवा रशियन दुकानात फ्रोझन मिळतो. मात्र तो अटलांटिकवाला, आपल्या बांगड्याच्या दीड-दोनपट मोठा आणि चांगलाच तेलकट, विशेषतः शरदात धरलेला. त्याचं हुमण केलं की वर तेलाचा थर येतोच. ते वाटण फुटल्यामुळे नव्हे, माशाचं स्वतःचं तेल आहे. फरक असा ओळखा: मासा घालण्याआधी कडी एकसंध असेल आणि नंतर तेल आलं तर ते माशाचं. मी एक सोल जास्त घालायचो. तरीही माझ्या मते तो तळायला बरा, कडीला नाही. यावर घरात मतभेद होते.

रोजच्यासाठी झेलाक्सच. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवायचा, ओट्यावर नाही. सकाळी त्यातून निघालेलं पाणी ओतून द्यायचं, कागदाने टिपायचा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचा आणि पुन्हा टिपायचा. या दोनदा टिपण्यातच सगळं आहे. न टिपता घातला तर मासा कडीत पाणी सोडतो आणि मग म्हणायचं वाटण पातळ झालं. तुकडे मोठे, हाताच्या तळव्याएवढे. तयार कडी मंद ठेवून त्यात ठेवायचे, झाकण, सात-आठ मिनिटं. चमचा घालायचा नाही, भांडंच हलवायचं. चमचा घातला की पाकळ्या सुटतात आणि हुमणाची खिमट होते.

शाणू_स्विंडन (14 ऑक्टोबर, पहाटे 2.40)

नाईट शिफ्टला आहे. सुकं नुस्तं घेऊन जायला काय हरकत? मी मागच्या खेपेला सुके बोंबील, सुंगटां आणि आईने दिलेलं तूप आणलं. चौरिसही आणायचा विचार होता.

मडगावकर बाब (14 ऑक्टोबर, सकाळी 7.05)

शाणूबाब, तुमच्याकडचे नियम तुम्ही बघा. युरोपियन संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, चौरिस तर नाहीच. मासळीला वेगळा नियम, स्वतःसाठी माणशी 20 किलोपर्यंत चालते. सुकी सुंगटां त्यात बसतात, फक्त तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर बॅगेतले सगळे कपडे सांगतील कुठून आलात. ताजा कढीपत्ता, भाजी, फळं यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे ज्या पाच फळांना ते लागत नाही त्यांत नारळ आहे. अननस, केळी, खजूर आणि दुरियान ही बाकीची चार. पण नारळ नेऊन पोरगा फोडणार कुठं आणि खोवणार कशावर.

तूप तिथंच करायचं. बिनमिठाचं लोणी घेताना 'झाउअरराम' लिहिलेलं घ्यायचं, ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून कढवल्यावर आपल्या लोणकढ्याच्या जवळ जातं. 250 ग्रॅम लोण्याचं साधारण 200 ग्रॅम तूप निघतं. मॅग्डेबुर्गच्या थंडीत तेवढं महिनाभर बाहेर राहतं.

माशेलची सुमन (14 ऑक्टोबर, रात्री 9.30)

शिताचं राहिलं. एशियन दुकानात उकडे नाहीत म्हणतो. सुपरमार्केटातला 'पारबॉइल्ड' आणला, पारबॉइल्ड म्हणजे उकडाच ना? त्याची पेज केली तर दाणे वेगळे आणि पाणी वेगळं, जसं काही शीत धुतलं.

आरती, वास्को → आखेन (14 ऑक्टोबर, रात्री 10.02)

उकडलेलाच असतो काकी, पण लांब आणि सडक दाण्याचा. तो मोकळाच राहावा म्हणून केलेला. शिताला चालतो, पेजेला अंग धरत नाही. मी तीन मुठी तो आणि एक मूठ 'मिल्शराइस' घेते. मिल्शराइस म्हणजे तिथले लोक दुधात शिजवतात तो आखूड, गोल तांदूळ, कुठंही मिळतो. दोन्ही तासभर भिजवून सातपट पाणी, मंद आच, आणि शेवटची दहा मिनिटं पळीने घोटायचं. पेज जमते. लाल नसते, वास नसतो.

खरं हवं असेल तर तमिळ दुकानात केरळचा मट्टा. रात्रभर भिजवला तर पाऊण तासात होतो. मी महिन्यातून एक पाकीट आणते आणि फक्त रविवारी करते.

पेडण्याचे काका (15 ऑक्टोबर, सकाळी 8.15)

मट्टा जाडा असतो, आणि त्याचा वास वेगळा. त्यापेक्षा पाच किलो उकडे बॅगेत न्यावेत.

माशेलची सुमन (15 ऑक्टोबर, सकाळी 8.40)

काका, 23 किलोत पाच किलो तांदूळ? माझ्या यजमानांनी चार्जरसाठी तिरफळां काढली, तांदळासाठी मुलालाच काढतील.

मडगावकर बाब (15 ऑक्टोबर, रात्री 9.00)

भाज्या पटकन सांगतो, त्यात अडचण कमी आहे. नवलकोल तिथं 'कोलराबी', आपल्यापेक्षा कोवळा, खतखत्यात आणि सोयीची भाजी करायला उत्तम. तांबड्या भाजीच्या जागी लाल देठाचा 'मांगोल्ड', उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत. देठ आधी घाला, पानं मागाहून. अळसांदे मिळणार नाहीत, पण तुर्की दुकानात काळ्या डोळ्याची चवळी मिळते, 'ब्योरुल्जे' नावाने. जात तीच, दाणा लहान. तोणाकाला चालते. मूग एशियन दुकानात असतात, पण थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात. हीटरच्या वरच्या फळीवर ठेवा, हीटरवर नको, शिजतात.

आणि रविवारी तिथली दुकानं बंद असतात. आपल्या कागदात रविवार हा बाजाराचा दिवस आहे, तिथं तो स्वयंपाकाचा करा. खरेदी शनिवारी, भाजलेलं वाटण रविवारी, दोन तोणाकांना पुरेल इतकंच. चवळीही शनिवारीच भिजत घालायची.

माशेलची सुमन (9 नोव्हेंबर, रात्री 10.20)

धागा वर काढतेय, रिपोर्ट द्यायचा होता.

पहिलं मूसचं हुमण फसलं. बरणी ढवळली नव्हती, बाबांनी लिहिलेलं तेवढंच त्याने वाचलं नाही. दुसऱ्यात मासा टिपला नाही. तिसऱ्याचा फोटो मला आला तो ताटाचा नव्हे, चमच्याच्या पाठीचा, मधोमध रेघ ओढलेली. शेजारी चार सेचुआन मिरी वेचून ठेवलेल्या.

आता त्याचा आठवडा असा चाललाय: रविवारी मट्ट्याची पेज आणि धुरी बांगड्याची किसमूर, आणि दुपारी भाजलेलं वाटण करून ठेवतो. त्यावर सोमवारी आणि गुरुवारी तोणाक. बुधवारी आणि शुक्रवारी झेलाक्सचं हुमण. मंगळवारी कोलराबी आणि वरण. शनिवारी मित्रांबरोबर काहीतरी खातो, तिथं मी विचारत नाही. मुगागाठी कागदावरून गेली, मोड धड येत नाहीत म्हणतो. ती मला लागली जरा.

अटलांटिक बांगड्याचं त्याचं म्हणणं बाबांच्या उलट आहे. तेल आलं तरी त्याला तेच हुमण आवडतं.

मडगावकर बाब (10 नोव्हेंबर, सकाळी 7.20)

आवडू दे. माझ्या बायकोचंही हेच म्हणणं होतं.

प्रसाद_डिचोली (10 नोव्हेंबर, दुपारी 1.05)

भावालाही हा धागा पाठवला होता. त्याने दुकानात जाऊन 'कोकोस-मूस' मागितलं, पोरीने फ्रीजकडे बोट दाखवलं. गोड, फेसाळ, वाटीतलं. चार वाट्या आणल्या. एक हुमणात घातली.

मडगावकर बाब (10 नोव्हेंबर, दुपारी 1.40)

बरणीवर घटकांच्या ओळीत एकच शब्द असला पाहिजे, कोकोस. साखर दिसली की परत ठेवायला सांग. आणि उरलेल्या तीन वाट्या खा म्हणावं, हुमणात नको.